पैसे कुठवर पुरतील, ते पहिल्या परिच्छेदात लिहा

*आम्ही दोघा मित्रांनी चार वर्षांपूर्वी भोसरीत कंपनी काढली. संगणकाच्या आज्ञेने धातू कापणाऱ्या सीएनसी मशीनवर आमची छोटी पेटी बसते. मशीन किती वेळ चाललं, किती पार्ट निघाले हे मालकाला मोबाइलवर दिसतं. मशीनमागे महिना १,५०० रुपये घेतो. टीम अकरा जणांची आहे. नऊ गुंतवणूकदारांनी मिळून १.८ कोटी रुपये दिले आहेत. जुलै ते सप्टेंबर ही तिमाही फार वाईट गेली. जूनअखेर ५२० मशिनं होती, सप्टेंबरअखेर ७०० करू असं मागच्या पत्रात लिहिलं होतं, झाली ४३०. बँकेत ६१ लाख आहेत, म्हणजे सात महिने निघतील. पत्राचा कच्चा मसुदा आणि हिशेबाची शीट सोबत जोडली आहे. सगळं खरं लिहिलं तर लोक घाबरतील आणि पुढचे पैसे देणार नाहीत. सारवासारव केली तर कधी ना कधी कळणारच. पार्टनर म्हणतो, डिसेंबरची तिमाही बरी गेली की दोन्हींचं मिळून एकच पत्र पाठवू. काय लिहू, कसं लिहू?*
*— एक संस्थापक, भोसरी*

तुमच्या पार्टनरचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण तो ऐकलात तर बाकीच्या सल्ल्याचा उपयोग नाही. दोन तिमाह्यांचं एकत्र पत्र म्हणजे ते जानेवारीच्या मध्यावर जाणार. तोवर तुमच्या खात्यात दोन महिन्यांचे पैसे उरलेले असतील. हा आकडा कसा आला ते पुढे मांडतो. दोन महिन्यांत कुणी नवीन पैसे उभे करून देऊ शकत नाही. कागदपत्रं, मूल्यांकनाची बोलणी, संचालक मंडळाचा ठराव, भरणा आणि समभागवाटप यातच तेवढे दिवस जातात. म्हणजे ज्या लोकांची मदत होऊ शकते, त्यांना ती करता येणार नाही अशा वेळी तुम्ही कळवणार. शिवाय तुमचा भागधारक करार काढून माहितीच्या हक्काचं कलम वाचा. बहुतेक करारांत तिमाही संपल्यापासून ३० किंवा ४५ दिवसांत लेखापरीक्षण न झालेले आकडे द्यायचे असतात. पत्र ऑक्टोबरमध्येच जायला हवं, आणि माझ्या मते दिवाळीची गडबड सुरू व्हायच्या आत.

आता ते सात महिने. तुमची शीट मी नीट पाहिली. महिन्याचा खर्च १४.५ लाख. तिमाहीत हातात आलेले पैसे, जीएसटी वगळून, १८ लाख. म्हणजे महिन्याला सरासरी ६ लाख. दर महिन्याची तूट ८.५ लाख, आणि ६१ भागिले ८.५ म्हणजे सात महिने आणि थोडे दिवस. भागाकार बरोबर आहे, पण त्यात घातलेले दोन्ही आकडे चुकीचे आहेत.

आधी ६१ लाख घ्या. त्यातले १.३ लाख सप्टेंबरच्या जीएसटीचे आहेत, ते २० ऑक्टोबरला जाणार. ८० हजार टीडीएसचे, ते सात तारखेलाच जाणार. आणि २.९ लाख सर्किट बोर्ड बनवून देणाऱ्याचे, ज्याचं बिल तुम्ही दोन महिने लांबवलं आहे. हे पाच लाख तुमच्या खात्यात असले तरी तुमचे नाहीत. राहिले ५६.

मग ते १८ लाख. त्यातले ४.५ लाख एका ग्राहकाने वर्षाचं भाडं आगाऊ दिल्यामुळे आले आहेत. पैसे खरे आहेत, पण पुढचे अकरा महिने तो ग्राहक एक रुपयाही देणार नाही. ते बाजूला काढले की नेहमीची वसुली महिन्याला ४.५ लाख राहते, आणि तूट ८.५ ऐवजी १० लाख होते. ५६ लाखांना १० ने भागा. साडेपाच महिने. एप्रिलअखेर म्हणून जे तुमच्या डोक्यात आहे ते प्रत्यक्षात मार्चचा मध्य आहे.

ग्राहकांकडून येणं असलेल्या रकमांच्या यादीत १९ लाख दिसतात, ते या हिशेबात धरलेले नाहीत, आणि तुम्हीही पत्रात धरू नका. त्यातले ८ लाख ९० दिवसांहून जुने आहेत. या १९ लाखांत जवळपास २.९ लाख जीएसटी आहे, आणि तो तुम्ही सरकारला भरून बसला आहात किंवा याच महिन्यात भरणार आहात, कारण जीएसटी बिल फाडलं की द्यावा लागतो, ग्राहकाने पैसे दिले की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. उधारीवर माल किंवा सेवा देणाऱ्या छोट्या कंपनीची रोकड अशीच न कळत झिजते. हे एक वाक्य पत्रात लिहिण्यासारखं आहे, कारण नफा-तोट्याच्या तक्त्यात ते कुठेच दिसत नाही आणि तुमच्या नऊपैकी निदान दोघे तरी ते विचारणार.

तर पत्राचा पहिला परिच्छेद. तुमच्या मसुद्यात पहिला परिच्छेद पुण्यातल्या प्रदर्शनात मिळालेल्या पुरस्काराचा आहे आणि रोकड दुसऱ्या पानावर तळाशी आहे. मी तो असा लिहीन:

*"जुलै–सप्टेंबर तिमाही आमच्यासाठी वाईट गेली. ७०० मशिनांचं उद्दिष्ट होतं, ४३० वर संपलो. जूनपेक्षाही ९० कमी. बँकेत ६१ लाख आहेत; देणी वजा करता ५६ लाख. आजच्या खर्चाने आणि आजच्या वसुलीने हे पैसे १५ मार्चपर्यंत पुरतात. डिसेंबरपासून खर्च कमी करण्याचे निर्णय आम्ही घेतले आहेत, त्यानंतर हीच तारीख ३० एप्रिल होते. एकही नवीन ग्राहक आला नाही असं धरून हा हिशेब केला आहे."*

महिन्यांऐवजी तारीख लिहिली आहे, याकडे लक्ष द्या. "सहा महिने" हे वाचणारा प्रत्येक जण आपापल्या दिवसापासून मोजतो. पत्र पंधरा दिवसांनी उघडणाऱ्यालाही सहाच महिने वाटतात. १५ मार्च ही सगळ्यांना सारखीच दिसते. आणि "एकही नवीन ग्राहक आला नाही असं धरून" हे वाक्य तुमच्या बाजूने जितकं काम करतं तितकं पुढच्या दोन पानांतलं काहीच करणार नाही. वाचणाऱ्याच्या मनातली पहिली शंका हीच असते की या तारखेत संस्थापकाची किती स्वप्नं मिसळली आहेत.

यानंतर तुमच्या मसुद्यातलं एक वाक्य मी खोडलं आहे: "आजवर ६८० मशिनं जोडली." आकडा खोटा नाही, पण मागच्या तीनही पत्रांत तुम्ही महिनाअखेर चालू असलेली मशिनं देत आलात. या वेळी अचानक आजवर बसवलेल्या सगळ्या पेट्यांचा आकडा आला. तो कधीच खाली जाऊ शकत नाही. सगळे ग्राहक सोडून गेले तरी ६८० हे ६८०च राहतील. गुंतवणूकदार तुमची जुनी पत्रं उघडून शेजारी ठेवतो, निदान ज्याच्याकडून तुम्हाला पुढचे पैसे हवे आहेत तो तरी ठेवतोच. मापाची व्याख्या बदललेली दिसली की तो उरलेल्या प्रत्येक आकड्याकडे त्याच नजरेने पाहायला लागतो. चालू मशिनं, मासिक उत्पन्न, वसुली, खर्च, शिल्लक असे पाच आकडे घ्या. प्रत्येकापुढे जूनचा आकडा, मागच्या पत्रात कबूल केलेला आकडा आणि आजचा आकडा. मासिक उत्पन्न जूनला ७.८ लाख होतं, ७०० मशिनांचं म्हणजे १०.५ लाखांचं कबूल केलं होतं, झालं ६.४५. एवढा तक्ता पुरे. मधला रकाना नकोसा वाटेल, पण तो गाळू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यावर मी तुमच्या जागी दोन दिवस घालवीन: मशिनं का गेली. तुमच्या मसुद्यात एक ओळ आहे, "वाहन उद्योगातील मंदीमुळे." तुमच्याच शीटमध्ये "ग्राहक का गेला" असा रकाना आहे, आणि तो काही वेगळं सांगतो. तिमाहीत १४५ मशिनं गेली आणि ५५ नवीन आली. गेलेल्यांपैकी ११० एकाच मोठ्या कारखान्यातली. उरलेल्या ३५ पैकी २० अशांची, ज्यांचं म्हणणं होतं की पार्टची मोजणी चुकते. आणि १५ मशिनं अशी, की मालकाकडे कामच नव्हतं, त्याने मशीन विकलं किंवा बंद ठेवलं. मंदी असेल तर ती या शेवटच्या पंधरात आहे. १४५ पैकी १५.

मोठ्या कारखान्याचं प्रकरण मी शीटमधून तारखांसह जुळवून पाहिलं. त्यांचे प्लांट हेड, ज्यांनी तुमची पेटी आणली होती, एप्रिलमध्ये दुसरीकडे गेले. मेपासून बिल थकलं. जूनमध्ये त्या कारखान्यातून कुणीही तुमचा रिपोर्ट उघडलेला नाही, एकदाही नाही. ऑगस्टमध्ये सेवा बंद करण्याचं पत्र आलं. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही मागच्या पत्रात ७०० चा आकडा लिहिला, त्या दिवशी ही ११० मशिनं आतून गेलेलीच होती आणि ते तुमच्या सर्व्हरवर नोंदलेलं होतं. हे पत्रात लिहा. कारखान्याचं नाव लिहू नका, तुमच्यात गोपनीयतेचा करार असणार. "वाहनांचे सुटे भाग बनवणारा आमचा सर्वात मोठा ग्राहक" पुरे. लिहायचं ते एवढंच, की मे आणि जूनमध्ये दिसणारी लक्षणं आम्ही पाहत नव्हतो, आणि आता दर सोमवारी कोणत्या कारखान्यात रिपोर्ट उघडला गेला नाही याची यादी निघते आणि दोघांपैकी एक जण तिथे स्वतः जातो. ही यादी खरोखर सुरू करा, मग लिहा.

मोजणीचं प्रकरण तांत्रिक आहे, पण चार ओळींत सांगता येतं आणि सांगावं. तुमचा सेन्सर स्पिंडलच्या, म्हणजे मशीनच्या फिरणाऱ्या दांड्याच्या, केबलवर चिमट्यासारखा बसतो आणि वीजप्रवाह मोजतो. ठरावीक पातळीच्या वर प्रवाह गेला की मशीन कापतंय असं धरतो. स्टीलच्या जॉबवर हे चालतं, कारण कापताना प्रवाह ठळक वाढतो. ॲल्युमिनियमच्या हलक्या जॉबवर स्पिंडल नुसता फिरताना आणि कापताना यात फरक इतका थोडा, की पातळी खाली आणली तर मोकळं फिरणंही उत्पादनात मोजलं जातं आणि वर नेली तर खरे पार्ट सुटतात. ती वीसही मशिनं ॲल्युमिनियमचं काम करणाऱ्या तीन शेडमधली आहेत, हे शीटमध्ये पत्त्यांवरून दिसतं. उपाय तुमच्या इंजिनियरने आधीच शोधलेला आहे: मशीनच्या सिग्नल दिव्यातला हिरवा दिवा केव्हा लागतो याची वायर पेटीत घ्यायची. अशा कारणाचं बळ हे की वाचणाऱ्याला त्याची सीमा कळते. बिघाड कुठल्या प्रकारच्या कामावर आहे, चालू ४३० पैकी किती मशिनं त्या प्रकारची आहेत आणि ती कधीपर्यंत दुरुस्त होतील, हे तीन आकडे द्या. मधला आकडा तुमच्या शीटमध्ये नाही. तो शोधून काढल्याशिवाय पत्र पाठवू नका, कारण पुढच्या तिमाहीत आणखी किती मशिनं जाऊ शकतात ते त्याच आकड्यावर ठरतं.

तुम्हाला भीती आहे की एवढं लिहिल्यावर लोक घाबरतील. मला उलट वाटतं. "मंदीमुळे" असं लिहिलं तर वाचणाऱ्यापुढे प्रश्न राहतो की मंदी कधी संपणार, आणि त्याचं उत्तर तुमच्याकडे नाही. १४५ पैकी १३० मशिनं आपल्याच दोन चुकांमुळे गेली असं लिहिलं, तर त्या चुका दुरुस्त करणं तुमच्या हातात असतं. अनुभवी गुंतवणूकदार बाहेरच्या कारणाला जास्त घाबरतो.

याच शीटमध्ये आत्मविश्वासाची जागाही आहे, आणि ती तुमच्या मसुद्यात आलेलीच नाही. ३१ कारखान्यांपैकी १४ मध्ये सुपरवायझर रोज सकाळी शिफ्ट बदलताना रिपोर्ट उघडतो. या चौदांत मिळून २६० मशिनं आहेत. त्यांतलं एकही मशीन या तिमाहीत गेलं नाही. आणि नवीन ५५ पैकी ३८ याच चौदा जणांनी वाढवली, तुमचा विक्रीचा माणूस न जाता. हे पुरस्कारापेक्षा कितीतरी मोठं आहे. यावरून तुमचा धंदा काय आहे तेही कळतं: मालकाच्या मोबाइलवर आकडे दिसणं हे विकत घेण्याचं कारण असेल, पण टिकण्याचं कारण सुपरवायझरचा सकाळचा रिपोर्ट आहे. पत्रात एक पूर्ण परिच्छेद याला द्या, वर सांगितलेल्या पडझडीनंतर लगेच. त्याआधी देऊ नका, नाहीतर ती मलमपट्टी वाटेल. आणि विशेषणं लावू नका. "२६० मशिनं, एकही गेलं नाही" याच्यापुढे "उत्साहवर्धक" हा शब्द लिहिला की आकड्याचं वजन कमी होतं.

त्यावरून पुढची योजना आपोआप निघते. उरलेल्या १७ कारखान्यांत सुपरवायझरला रिपोर्ट उघडावाच लागू नये, तो सकाळी आठला मराठी किंवा हिंदीत व्हॉट्सॲपवर यावा. तुम्ही हे दोन ठिकाणी करून पाहिलंय असं शीटच्या शेरा रकान्यात दिसतं. मग योजनेत तेवढंच लिहा: नोव्हेंबरअखेर सतराही कारखान्यांत सकाळचा रिपोर्ट सुरू, आणि डिसेंबरअखेर किती जण तो रोज वाचतात तो आकडा. तुमच्या मसुद्यात गुजरातमध्ये विस्तार, लेथसाठी नवं उत्पादन आणि ऊर्जाबचतीचा डॅशबोर्ड असे तीन बेत आहेत. तिन्ही काढा. साडेपाच महिन्यांचे पैसे असलेल्या कंपनीने तीन नवे बेत लिहिले की वाचणारा समजतो, यांनी अजून काही ठरवलेलं नाही.

खर्चाबाबत तुम्ही लिहिलंय, "खर्च कमी करण्याचे पर्याय तपासत आहोत." तुम्हीच फोनवर पार्टनरशी ठरवलेलं शीटच्या कोपऱ्यात टिपलं आहे: कोईमतूरचा माणूस आणि प्रवास बंद, १.१ लाख, राजीनामा दिलेल्या इंजिनियरच्या जागी भरती नाही, ९० हजार, दोघांचे पगार निम्मे, म्हणजे १ लाख. मिळून ३ लाख, १४.५ वरून ११.५. नोटिशीचा काळ धरता परिणाम डिसेंबरपासून. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरला दहा-दहा लाख गेले की ३६ उरतात, पुढे महिन्याला ७ लाखांची तूट, म्हणून ३० एप्रिल. ठरलेलं असेल तर "ठरवलं" लिहा, आणि एप्रिलची तारीख कशी आली ते असंच उलगडून दाखवा. मात्र क्रम पाळा. कोईमतूरच्या माणसाला आणि तुमच्या टीमला हे गुंतवणूकदारांच्या आधी, तोंडी, तुमच्याकडून कळलं पाहिजे. अशी पत्रं पुढे पाठवली जातात, आणि आपली नोकरी गेल्याचं एखाद्याला दुसऱ्याच्या मोबाइलवर वाचायला मिळणं फार वाईट.

याच्या पुढची गोष्ट बहुतेक संस्थापक लिहीत नाहीत, पण माझ्या मते खंबीरपणा खरा तिथेच दिसतो. योजना फसली तर काय, कधी आणि कोणत्या आकड्यावर, हे आताच लिहून ठेवा:

*"३१ जानेवारीला चालू मशिनं ५०० पेक्षा कमी असतील, तर फेब्रुवारीपासून खर्च ९ लाखांवर आणू आणि कंपनी दुसऱ्या कुणाशी जोडण्याचा पर्याय संचालक मंडळापुढे ठेवू. तो आकडा ३ फेब्रुवारीला तुम्हा सर्वांना कळवू."*

५०० च का? कारण ४३० वरून ७० मशिनं चार महिन्यांत, आणि त्यातली निम्मी तरी जुन्याच चौदा कारखान्यांतून यायला हवीत. या तिमाहीत त्यांनी ३८ दिली, त्यामुळे हे शक्यतेच्या आतलं आहे. आणि जानेवारीच का? कारण तेव्हा खर्च कापल्यानंतरही तुमच्याकडे २२ लाख उरलेले असतील. कंपनी विकायची किंवा जोडायची तर बोलणी करायला वेळ लागतो आणि पगार चालू ठेवावे लागतात. खातं रिकामं झाल्यावर बोलणी होत नाहीत, जे मिळेल ते घ्यावं लागतं. एवढ्या हिशेबाने ठरवलेली तारीख वाचली की तुम्ही परिस्थिती हाताळताय हे वेगळं सांगावं लागत नाही.

पैसे मागायचे का? या पत्रात नको, पण लपवायचंही नको. एक वाक्य: "डिसेंबरचे आकडे हातात आल्यावर आम्ही विद्यमान गुंतवणूकदारांकडून छोटा ब्रिज घेण्याबद्दल वेगळं पत्र लिहू, आज कुणाकडूनही उत्तर अपेक्षित नाही." ब्रिज म्हणजे पुढची मोठी गुंतवणूक येईपर्यंत पुरणारे तात्पुरते पैसे. जे गुंतवणूकदार पैसे देऊ शकतात, त्यांना विचार करायला दोन महिने मिळतात. ज्यांना द्यायचे नाहीत, त्यांना या पत्राला उत्तर द्यायला संकोच वाटत नाही.

मागायचंच तर मदत मागा, आणि ती इतकी नेमकी मागा की वाचणाऱ्याला एक नाव आठवावं. "ओळखी करून द्याव्यात" याने काहीच होत नाही. "चाकण, रांजणगाव, सातपूर किंवा अंबडमध्ये २० ते ६० सीएनसी मशिनं असलेला, स्टीलचं काम करणारा, मालक स्वतः शेडवर बसणारा कारखाना" असं लिहिलंत तर नऊपैकी दोघांना तरी मेहुणा किंवा वर्गमित्र आठवेल. स्टीलचं काम हे मुद्दाम घातलं आहे. ॲल्युमिनियमची दुरुस्ती होईपर्यंत तिथे नवी पेटी बसवू नका.

दुसरी मदत वसुलीची. ८ लाख जुन्या येण्यातले जवळपास निम्मे त्या गेलेल्या मोठ्या ग्राहकाकडे आहेत. छोटा उद्योग म्हणून तुमची सरकारकडे उद्यम नोंदणी असेल, आणि ती ही सेवा दिली त्याच्या आधीची असेल, तर सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ तुमच्या बाजूने आहे: लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांच्या पुढे जाऊ शकत नाही, आणि त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागतं. तक्रार सरकारच्या पोर्टलवर ऑनलाइन नोंदवता येते. चालू ग्राहकावर हे शस्त्र उगारू नये, नातं संपतं. पण जो गेला आहे आणि ज्याच्याकडे आपले पैसे आहेत, त्याच्या लेखा विभागाला कलमाचा उल्लेख असलेलं एक सभ्य पत्र गेलं की बऱ्याचदा फाइल हलते. गुंतवणूकदारांना लिहिताना एवढंच: कुणाकडे किती अडकलं, काय पाऊल उचललं, आणि आमच्या तारखेत ते धरलेलं नाही.

पाठवण्याची पद्धत थोडक्यात. ज्यांनी सर्वात मोठी रक्कम दिली त्यांना आणि संचालक मंडळात कुणी प्रतिनिधी असेल तर त्यांना आदल्या दिवशी फोन करा आणि रोकड संपण्याची तारीख तोंडी सांगा. दुसऱ्या दिवशी नऊही जणांना एकच पत्र, एकाच वेळी, शब्दन् शब्द तेच. जवळच्याला खरं आणि लांबच्याला सौम्य अशा दोन आवृत्त्या कधीच टिकत नाहीत, ते एकमेकांशी बोलतात. पत्र दीड पानाचं, तक्ता त्यातच, शीट जोडलेली. आकडे "लेखापरीक्षण न झालेले" असं स्पष्ट लिहा. दोघांच्या सह्या असू द्या. तुमचा पार्टनर पत्र लांबवायला सांगत होता, म्हणून त्याने प्रत्येक ओळ वाचून सही करणं जास्तच गरजेचं आहे.

पत्र जमलं की नाही ते उत्तरांवरून कळतं. "नेमके किती पैसे उरलेत?" असं कुणी विचारलं तर पहिला परिच्छेद फसला, त्याच दिवशी सगळ्यांना खुलासा पाठवा. "हिरव्या दिव्याची वायर जुन्या मशिनांवरही घेता येते का?" किंवा "ते १४ कारखाने इतरांपेक्षा वेगळे कशात आहेत?" असे प्रश्न आले तर लोक तुमच्या बरोबरीने विचार करायला लागलेत. तीन-चार जण काहीच लिहिणार नाहीत. त्याचा अर्थ लावत बसू नका, आठवड्याने साधा फोन करा.

आणि ही स्थिती आहे तोवर तिमाहीची वाट पाहू नका. दर महिन्याच्या दहा तारखेला पाच ओळी पाठवा: चालू मशिनं, वसुली, शिल्लक, रोकड संपण्याची तारीख, आणि सकाळचा रिपोर्ट रोज वाचणारे कारखाने. पहिली नोंद १० नोव्हेंबरला जाईल. त्या दिवशीचा शेवटचा आकडा १४ च्या वर गेलेला असावा, म्हणून सतरापैकी सर्वात जवळच्या दोन कारखान्यांत या आठवड्यातच पहिल्या शिफ्टला जाऊन उभे राहा.